न ओरडणारा ग्राहक: नागपुरातल्या एका दुरुस्ती कंपनीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नागपुरात एसी, कूलर, फ्रिज आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारी ही कंपनी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. मेसेज कसे आले आणि निर्णय कसे झाले, ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. मी या कंपनीला बाहेरून मदत करत होते. विषय एवढाच होता की ग्राहकांच्या मेसेजमधला राग किंवा घालमेल ओळखून ते मेसेज लवकर माणसासमोर यावेत.

हिवाळ्यात मेसेज डेस्कला दिवसाला शंभरेक मेसेज येतात आणि तीन जणी ते आरामात उरकतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की हाच आकडा सातशेच्या आसपास जातो. डेस्कवर तेव्हा पाच जण बसतात, तरी दुपारी दोनला आलेला मेसेज वाचायला संध्याकाळचे सात वाजतात. कामाची रीत सरळ होती. जो आधी आला त्याला आधी उत्तर, आणि मेसेज येताक्षणी 'आपला संदेश मिळाला, लवकरच संपर्क करू' असं आपोआप जाणारं उत्तर.

बहुतेक मेसेज व्हॉट्सॲपवर येतात. निम्म्याहून जास्त मराठी आणि हिंदी रोमन अक्षरांत टाइप केलेली, काही देवनागरीत, थोडे इंग्रजीत, आणि एकाच वाक्यात तिन्हींची सरमिसळ तर रोजचीच. त्याशिवाय फोटो असतात आणि व्हॉइस नोट असतात. व्हॉइस नोटचा मुद्दा शेवटी पुन्हा येईल.

अडचण

कंपनीकडे आधीपासून शब्दांची एक यादी होती. 'फ्रॉड', 'कंझ्युमर कोर्ट', 'पैसे परत', 'थर्ड क्लास' असे तीसेक शब्द. यातला एखादा मेसेजमध्ये आला की तो लाल होऊन वर जायचा. यादी वाईट नव्हती, पण तिच्यामुळे काय घडत होतं ते एका दुपारच्या दोन मेसेजवरून कळतं.

पहिला मेसेज पूर्ण मोठ्या अक्षरांत होता. नव्या एसीचा रिमोट चालत नव्हता आणि ग्राहकाने कंझ्युमर कोर्टात खेचण्याची धमकी दिली होती. पंधरा मिनिटांत त्याला फोन गेला. दुसरा मेसेज त्याच्या जरा आधी आला होता: 'नमस्कार, कालपासून एसी बंद आहे. घरी बारा दिवसांचं बाळ आहे. आज कोणी येऊ शकेल का? शक्य नसेल तर तसं कळवा, आम्ही दुसरी सोय बघू.' तो रात्री आठला वाचला गेला. तोवर ती बाई बाळाला घेऊन नातेवाइकांकडे गेली होती.

या दुसऱ्या मेसेजमध्ये एकही कडवा शब्द नाही. उलट 'नमस्कार' आहे, 'शक्य नसेल तर' आहे. असे मेसेज वेगळे काढून वाचायला घेतले तेव्हा लक्षात आलं की खरोखर अडचणीत असलेली बरीच माणसं जास्तच नम्र लिहितात, कारण त्यांना समोरच्याला दुखवून चालणार नसतं. रागाचा आवाज मोठा, म्हणून यंत्राला तो सहज सापडतो. घालमेल त्याला सापडत नाही.

समोर असलेले पर्याय

शब्दांची यादी वाढवणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता. पण रोमन लिपीत एकच शब्द लोक किती तऱ्हांनी लिहितात, ते डेस्कवर बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. 'नाही' या एका शब्दाची आम्हाला जुन्या मेसेजमध्ये सापडलेली ही काही रूपं:

```
nahi  nahee  nai  nhi  nay  naahi  nahiye
```

प्रत्येक शब्दाला अशी शेपटी असेल तर यादी किती वाढवायची?

दुसरा पर्याय होता तयार भावना-विश्लेषण मॉडेल. मराठीसाठी अशी मॉडेल आहेत. एल३क्यूब-महासेंट हा 2021 चा डेटासंच सुमारे सोळा हजार मराठी ट्वीटवर बांधला आहे आणि त्यात सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ असे तीन गट आहेत. पण आमच्या कामाला दोन गोष्टी आडव्या आल्या. एक तर ती ट्वीट देवनागरीत आहेत आणि आमचा ग्राहक रोमनमध्ये लिहितो. दुसरी अडचण जास्त मुळाची होती. दुरुस्तीच्या धंद्यात येणारा जवळजवळ प्रत्येक मेसेज नकारात्मकच असतो. 'एसी थंड करत नाही' हे वाक्य नकारात्मक आहे, पण लिहिणारा शांत आहे. चाचणीसाठी काढलेल्या जुन्या मेसेजपैकी बहुतेक सगळे नकारात्मक ठरले, म्हणजे चाळणीतून काहीच खाली पडलं नाही. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत जास्त केली जाणारी गल्लत हीच आहे: नकारात्मक म्हणजे रागावलेला आणि रागावलेला म्हणजे तातडीचा, असं गृहीत धरलं जातं.

तिसरा पर्याय यंत्रच टाळण्याचा होता. तक्रार नोंदवतानाच विचारायचं: 'घरात लहान बाळ, गर्भवती किंवा आजारी व्यक्ती आहे का?' मालकांचं म्हणणं पडलं की मे महिन्यात सगळे 'हो' म्हणतील. मला ते पटलं नाही, पण तेव्हा तो पर्याय बाजूला राहिला.

चौथा पर्याय आपलंच मॉडेल शिकवण्याचा. तो घेतला.

खुणा कोणी आणि कशा लावल्या

मागच्या उन्हाळ्याचे सुमारे तीन हजार मेसेज काढले. फोन नंबर, नावं, पत्ते झाकले आणि डेस्कवरच्या दोघी आणि एक सुपरवायझर यांना खुणा लावायला बसवलं. पहिला निर्णय असा की एकच 'तीव्रता' मोजायची नाही, दोन वेगळ्या खुणा ठेवायच्या: राग आहे की नाही, आणि घालमेल आहे की नाही. एखाद्या मेसेजला दोन्ही लागू शकतात, एखाद्याला एकही नाही.

तिघांनी तेच तीनशे मेसेज एकमेकांना न विचारता तपासले. रागाच्या बाबतीत मतं बरीच जुळली. घालमेलीच्या बाबतीत कप्पा, म्हणजे योगायोगाने होणारी जुळणी वजा करून उरणारा एकमताचा आकडा, 0.4 च्या आसपास आला. माणसांचंच इतकं कमी जमत असेल तर यंत्राकडून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. म्हणून मॉडेलकडे जाण्याआधी दोन दुपारी फक्त मतभेदाचे मेसेज समोर ठेवून बोललो.

सगळ्यात मोठा वाद 'काहून बे भाऊ, कव्हा पाठवता मानूस? आज येते का उद्या?' या मेसेजवर झाला. सुपरवायझर पुण्याहून आलेले. त्यांनी राग अशी खूण केली होती. डेस्कवरच्या दोघी हसायलाच लागल्या. एक म्हणाली, "सर, हा तर प्रेमानं बोलून राहिला. चिडला असता तर 'बे' लावलंच नसतं, सरळ 'तुम्ही' वर आला असता." तिचं म्हणणं जुन्या मेसेजवर ताडून पाहिलं. ते सगळीकडे लागू पडत नव्हतं, पण नेहमी 'भाऊ' म्हणणारा ग्राहक अचानक 'आपण' म्हणू लागला तर त्याकडे बघावं, ही नोंद आम्ही ठेवली.

दुसरा वाद 'ठीक आहे, राहू द्या' या मेसेजचा. एकटा वाचला तर त्यात काहीच नाही. मागचे दोन मेसेज वाचले तेव्हा कळलं की कारागीर दोनदा येऊन गेला आहे आणि तिसऱ्या वेळी आलेलाच नाही. म्हणजे माणूस हात टेकून बसला होता. यातून दुसरा निर्णय निघाला: मेसेज एकटा तपासायचा नाही. त्या ग्राहकाचे शेवटचे तीन मेसेज जोडून द्यायचे आणि किती मेसेज उत्तराविना पडलेत तो आकडाही सोबत द्यायचा. नुसत्या त्या एका आकड्याने बरंच काम केलं.

मॉडेल

सुरुवात मुद्दाम साध्या रीतीने केली. शब्दांऐवजी अक्षरांचे दोन ते पाच लांबीचे तुकडे मोजायचे आणि त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन बसवायचं, म्हणजे प्रत्येक तुकड्याला वजन देऊन 'हो' ची शक्यता काढायची. रागासाठी एक, घालमेलीसाठी दुसरं.

```python
TfidfVectorizer(analyzer="char_wb",
                ngram_range=(2, 5), min_df=3)
LogisticRegression(class_weight="balanced",
                   max_iter=1000)
```

अक्षरांच्या तुकड्यांचा फायदा असा की `nahi` आणि `nahee` यांचे बरेच तुकडे सारखेच असतात, त्यामुळे प्रत्येक रूप वेगळं शिकवावं लागत नाही. `balanced` ठेवण्याचं कारण म्हणजे घालमेलीचे मेसेज शंभरात तीनेकच असतात. वजन दिलं नाही तर मॉडेल सगळ्यांना 'नाही' म्हणून मोकळं होतं आणि तरी सत्त्याण्णव टक्के बरोबर ठरतं. म्हणून अचूकतेचा एकूण टक्का आम्ही कुठेच लिहिला नाही.

गूगलचं म्युरिल हे 2021 चं मॉडेल रोमन लिपीतल्या भारतीय भाषांवरही शिकवलेलं आहे, म्हणून तेही याच खुणांवर करून पाहिलं. लांब मेसेजमधली घालमेल त्याने जास्त पकडली. पण डेस्कवरची बाई 'हा मेसेज का आला?' असं विचारायची तेव्हा साध्या मॉडेलमधून वजनदार तुकडे काढून दाखवता यायचे. पहिल्या उन्हाळ्यासाठी ते जास्त मोलाचं वाटलं.

चाचणीत एक काळजी घेतली. मेसेज सरमिसळ करून अर्धे शिकवायला, अर्धे तपासायला असं केलं तर एकाच ग्राहकाचे मेसेज दोन्हीकडे जातात आणि निकाल फुगतो. म्हणून एप्रिल ते मध्य मे शिकवायला ठेवलं, नंतरचे दिवस तपासायला, आणि दोन्हीकडे असलेले ग्राहक तपासणीतून काढून टाकले.

उंबरठा कुठे ठेवायचा

मॉडेल प्रत्येक मेसेजला शून्य ते एक यामधला आकडा देतं. किती आकड्यापासून खूण लावायची हे मॉडेल सांगत नाही, ते आपण ठरवायचं असतं. आणि ते डेस्कवर किती हात मोकळे आहेत यावरून ठरतं.

हाताने तपासलेल्या एका दिवसाच्या सातशे मेसेजमध्ये खरी घालमेल वीस मेसेजमध्ये होती. उंबरठा 0.5 ठेवला तर 38 मेसेजला खूण लागत होती, त्यात 12 खरे. म्हणजे वीसपैकी आठ सुटत होते. 0.3 वर आणला तर 70 ला खूण, त्यात 17 खरे. सुटणारे तीन, पण खोट्या खुणा 53. सुपरवायझरना ते फार वाटलं. मग एका खोट्या खुणेचा खर्च काढला: तीन मिनिटांचा फोन, आणि तोही ज्याची तक्रार खरीच आहे अशा ग्राहकाला. सुटलेल्या मेसेजचा खर्च म्हणजे बारा दिवसांचं बाळ. 0.3 ठरलं.

रागासाठी उलट केलं. तिथे उंबरठा 0.7 ठेवला, कारण राग व्यक्त करणारा ग्राहक सहसा पुन्हा लिहितोच. रागाच्या रोज साधारण 45 खुणा. दोन्ही मिळून 115, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे पावणेसहा तास. दोन जणींना यासाठी वेगळं बसवलं की जवळपास तीन-तीन तासांत ते उरकत होतं.

खूण लागल्यावर काय

इथला निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो मॉडेलबाहेरचा आहे. ठरलं असं की रागाची खूण कारागिराच्या रांगेत कोणालाही पुढे ढकलणार नाही. ती फक्त उत्तर कोण देणार हे बदलेल: रिफंड किंवा सूट देण्याचा अधिकार असलेला माणूस. रांग बदलेल ती घालमेलीच्या खुणेने, आणि तीही फोनवर बोलून खात्री झाल्यावर. मालकांचा याला विरोध होता. "ज्याचा आवाज मोठा, त्याचा रिव्ह्यूही मोठा," ते म्हणाले. पण ओरडल्याने कारागीर लवकर येतो हे एकदा मोहल्ल्यात पसरलं की सगळेच ओरडतील, आणि मग रागाची खूण निकामी. हा युक्तिवाद त्यांना धंद्याच्या भाषेत पटला.

खूण लागलेल्या मेसेजला आपोआप जाणारं उत्तर बंद केलं. घाबरलेल्या माणसाला 'लवकरच संपर्क करू' वाचून बरं वाटत नाही.

काही गोष्टींसाठी सूर बघायचाच नाही, असंही ठरलं. 'कूलरच्या बॉडीला थोडा करंट येतो' हे लोक अगदी सहज, शेवटच्या ओळीत लिहून जातात. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. करंट, ठिणगी, धूर, जळका वास हे शब्द आले की मॉडेलचा आकडा काहीही असो, लगेच फोन करायचा आणि आधी प्लग काढायला सांगायचं. जुनी शब्दांची यादी अशा रीतीने वेगळ्या कामाला लागली. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असलेला मेसेज फार क्वचित येतो, पण त्यासाठीही डेस्कवर एक पान चिकटवलं: माणसाने फोन करायचा, घाई करायची नाही, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 क्रमांक द्यायचा आणि वरिष्ठांना सांगायचं.

काय घडलं

घालमेलीच्या मेसेजला पूर्वी दुपारची संध्याकाळ व्हायची, तिथे आता बहुधा पाऊण तासात फोन जाऊ लागला. पण गोष्ट इतकी सरळ गेली नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि सगळं शहर एकाच भाषेत बोलू लागलं. 'गर्मीनं मरून राहिलो ना बाप्पा, पाठवा कोणाले तरी.' असे मेसेज शेकड्याने आले आणि घालमेलीच्या खुणा सत्तरवरून दीडशेच्या पुढे गेल्या. दोघींना त्या पुऱ्या पडेनात, आणि न पुरणारी खूण म्हणजे खूण नसल्यासारखीच. तिथे ठरलेला उंबरठा सोडून क्रमवारी घेतली. सर्वांत वरचे मेसेज आधी, जितके होतील तितके, बाकीचे त्याच क्रमाने खाली. गर्दी कितीही वाढली तरी वरचे वीस जागच्या जागी राहिले.

दुसरी गोष्ट उशिरा कळली. खूण नसलेल्या मेसेजची वाट पूर्वीपेक्षा लांबली. ज्यावर लाल ठिपका नाही ते आता बिनमहत्त्वाचं, असं डेस्कवर नकळत ठरून गेलं होतं. मग नियम केला की कोणताही मेसेज चार तासांपेक्षा जुना झाला की तो वर येणारच.

जुलैत उलटा प्रकार झाला. खुणा एकदम कमी झाल्या. सुपरवायझर खूश होते, पाऊस पडला, लोक शांत झाले. पण आम्ही रोज खूण *न* लागलेल्यांपैकी तीस मेसेज चिठ्ठी काढल्यासारखे उचलून हाताने वाचत होतो. त्यात सापडलं: 'लाइट गेली आहे, इन्व्हर्टर पण बंद, बाबांना नेब्युलायझर लावायचा आहे.' मॉडेल उन्हाळ्याच्या भाषेवर शिकलेलं, त्याला इन्व्हर्टर आणि नेब्युलायझर ठाऊकच नव्हते. खुणा कमी होणं हे सगळं ठीक असल्याचं लक्षण नसतं. लागलेल्या खुणा कितीही तपासल्या तरी सुटलेले मेसेज त्यातून दिसत नाहीत, त्यासाठी ते तीस मेसेज लागतात. तसे जमलेले मेसेज घालून मॉडेल पुन्हा शिकवलं आणि पावसाळ्याची भाषा त्यात आली.

वेगळं काय करता येईल

घरात बाळ किंवा आजारी माणूस आहे का, हा प्रश्न तक्रारीच्या वेळीच विचारायला हवा होता. पुढे तो सुरू झाला आणि सगळे 'हो' म्हणतील ही भीती खरी ठरली नाही. जे थेट विचारता येतं ते सुरावरून ओळखत बसण्यात शहाणपण नाही. जे लोक प्रश्न न भरता थेट मेसेज करतात त्यांच्यासाठी मॉडेल राहतंच.

खुणा लावण्याचं काम एकदाच केलेला प्रकल्प न ठेवता रोजच्या फोनला जोडता येतं. फोन संपल्यावर 'खरंच तातडी होती का?' एवढं एक बटण दाबलं की पुढच्या शिकवणीचा माल आपोआप जमतो. हे पहिल्या दिवसापासून करता आलं असतं.

रागाच्या खुणांवरून कारागिरांना गुण द्यावेत अशी मागणी मध्यंतरी आली. ती मान्य केली नाही, कारण तिसऱ्या खेपेला पाठवला जाणारा चांगला कारागीरच सगळ्यात जास्त राग झेलतो.

आणि व्हॉइस नोट. वयस्कर ग्राहक आणि घाईत असलेली माणसं टाइप करत नाहीत, बोलतात. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं उभं केलं त्यांतलेच बरेच जण मॉडेलच्या बाहेर राहतात. पंख्याचा आवाज, मागे टीव्ही, आणि वऱ्हाडी बोली यामुळे आवाजाचं लेखी रूप करून पाहिलं तेव्हा ते भरवशाचं निघालं नाही. सध्या प्रत्येक व्हॉइस नोट एक माणूस ऐकतो, आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत. मे महिन्यात त्यासाठी एक खुर्ची वाढवावी लागते, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या बजेटमध्ये ती धरली आहे.